चित्रातून गेलेल्या सळया

ती ओळ मी स्वतः टाइप केली होती. 'कॉलमच्या सळया दिसू नयेत, स्लॅब मोकळा हवा.' मला ती कुणी सांगितली नव्हती. सोलरवाल्याने नाही, बायकोनेही नाही. नंतर मनातल्या मनात ती दोघांच्याही नावावर ढकलून बघितली, पण ती काही माझ्यावरून हलली नाही.

सेलूत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. त्याआधी मी पाट्या रंगवायचो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कापसाच्या जिनिंगच्या भिंतींवरच्या. ब्रश सुटला आणि कॉम्प्युटर आला तेव्हा मी चाळिशीच्या जवळ होतो, त्यामुळे नवीन शिकताना दुप्पट वेळ लागला आणि दुप्पट लाजही वाटली. आता अलीकडे वाक्य लिहून चित्र बनवून देणारं यंत्र आलंय. हवं ते लिहा, चित्र समोर. त्या लिहिण्याला प्रॉम्प्ट म्हणतात. मी तो मराठीतच लिहितो. यंत्राला कळतो. फक्त चित्रात अक्षरं मागायची नाहीत, मराठी अक्षरांची ते वळकटी करून टाकतं. ती मी मागाहून स्वतः बसवतो.

उन्हाळा तोंडावर असताना सोलरवाला दुकानात आला. तिशीतला, डिप्लोमा केलेला, नुकतंच ऑफिस उघडलेला मुलगा. त्याला सेलू, मानवत, सोनपेठला मोठे फ्लेक्स लावायचे होते. मी म्हटलं, बसवलेल्या घरांचे फोटो दे. तो म्हणाला, लोक देत नाहीत. घर चौकात टांगलं की नजर लागते म्हणतात. एका म्हातारीने तर त्याला फोटो काढू दिला आणि मग मोबाइल हातात घेऊन तो पुसायला लावला. म्हणून त्याला असं घर हवं होतं, जे कुणाचंच नाही पण सगळ्यांना आपलं वाटेल.

मला वाटलं, सोपं आहे. मी लिहिलं, 'घराच्या छतावर सोलर पॅनल, निरभ्र आकाश, जाहिरातीसाठी.' यंत्राने लाल कौलांचं उतरतं छप्पर दिलं, पुढे हिरवळ, हिरवळीवर सोनेरी केसांचं कुटुंब. पॅनल कौलांना चिकटवलेले.

सोलरवाला म्हणाला, "काका, हे घर सेलूत कुठं हाय ते दाखवा, मी फुकट बसवून देतो."

मग मी 'भारतीय घर' लिहिलं, तर घुमट आणि सज्जे असलेला राजवाडा आला. 'साधं, सपाट स्लॅबचं घर' लिहिलं तेव्हा स्लॅब आला, पण पॅनल शाळेतल्या फळ्यासारखे जवळजवळ उभे. अर्धे एकमेकांकडे तोंड करून. दोन पॅनलना पायच नव्हते, ते हवेत होते. आणि कठड्याची सावली एका बाजूला पडलेली, टाकीची दुसऱ्या.

त्याने स्टूल ओढलं आणि मला समजावलं. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ सूर्य दक्षिणेच्या अंगाने जातो, म्हणून पॅनलचं तोंड दक्षिणेला. आपण अक्षांशावर एकोणीसच्या थोडं पुढे आहोत, म्हणून कलही तेवढाच, वीसच्या आसपास. त्याहून आडवं ठेवलं तर धूळ आणि पाणी साचून राहतं, जास्त उभं केलं तर डोक्यावरचं ऊन वाया जातं. "हे जे चित्रात हाय ना, हा बर्फाच्या देशातला कल हाय. आपल्यात असं बसवलं तर गिऱ्हाईक मला जिन्यावरून ढकलून देईल."

वीस अंश असं लिहून बघितलं. यंत्राला आकडा कळत नाही, किंवा कळून पाळत नाही. पाट्या रंगवण्याच्या दिवसांत आम्ही मापं अंगावर घ्यायचो, वीतभर, कोपरापर्यंत, तसंच मग लिहिलं. पॅनलची पुढची कड उभ्या माणसाच्या गुडघ्याशी, मागची छातीशी. लगेच कल बरोबर आला. त्या दिवशी मी खूष होतो. इतक्या वर्षांनी हाताला जुनं काहीतरी उपयोगी पडलं होतं.

पण घर अजून आपलं वाटत नव्हतं. एखाद्या खऱ्या स्लॅबचा फोटो यंत्राला नमुना म्हणून दिला तर ते त्यावरून चित्र बेततं. सोलरवाला म्हणाला, कुणाचाही घ्या, पॅनल नसलेला चालेल. मी घरी गेलो, जिना चढलो आणि आमच्याच स्लॅबचा फोटो काढला. भर दुपार, मार्च महिना, पायाखाली चटका.

इथे त्या स्लॅबबद्दल सांगायला हवं. ते घर वडिलांनी बांधलं. खाली तीन खोल्या, आणि वर प्रत्येक कॉलमच्या जागी कमरेएवढ्या सळया सोडलेल्या. आमच्याकडे घराघरावर त्या असतात. वरचा मजला होईल तेव्हा होईल, कॉलम वाढवायला सळया हव्यात. स्लॅब ओतला त्या दिवशी मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघेही घमेली वाहत होतो. संध्याकाळी वडील त्या ओल्या स्लॅबकडे बघत म्हणाले, खालचं थोरल्याचं, वरचं धाकट्याचं. लिहून काही ठेवलं नाही. लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

वरचा मजला झाला नाही. वडील गेले. भाऊ मानवतला जिनिंगमध्ये फिटर आहे, दोन खोल्यांत भाड्याने राहतो, दोन लेकरं. वर बांधायचं म्हणतो आणि दरवर्षी काहीतरी निघतं. पण दरवर्षी मृगाच्या आधी तो येतो. सिमेंट कालवतो आणि सळयांना एक एक करून लेप देतो, गंजू नयेत म्हणून. टोकांवर प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घालतो. मग खाली येऊन हात धुतो, जेवतो आणि जातो. बायको त्या सळयांना कपड्यांची दोरी बांधते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत आलो, हे मला या प्रकरणापर्यंत माहीत नव्हतं.

फोटोवरून यंत्राने जे दिलं ते बघून मी खुर्चीत मागे टेकलो. आमचंच घर. कठड्यातली सिमेंटची जाळी, तिच्यातली फुटकी नक्षीसुद्धा तशीच. जिन्याच्या खोलीवर काळी टाकी, उत्तरेला, म्हणजे तिची सावली पॅनलवर यायचा प्रश्न नाही. मधोमध काळसर निळे पॅनल, पुढची कड गुडघ्याशी, मागची छातीशी, दक्षिणेच्या कठड्यापासून सोडून. सावल्या आखूड आणि सगळ्या एकाच दिशेला. आणि चारी बाजूंना सळया, बाटल्या घातलेल्या. एका सळईपासून दुसरीपर्यंत दोरी, दोरीवर बायकोची साडी.

त्यातल्या पुढच्या सळयांची बारीक सावली पॅनलच्या कडेवर पडली होती. सोलरवाल्याने आधीच बजावलं होतं, जाहिरातीत पॅनलवर काडीचीही सावली नको, एक कोपरा झाकला तरी त्या पॅनलची वीज उतरते, जाणकार माणूस लगेच बोट ठेवतो. मला कारण मिळालं. मी ती ओळ लिहिली.

सळया गेल्या. दोरी मात्र राहिली, कशालाच न बांधलेली, हवेत ताणलेली, आणि तिच्यावर साडी. मी दोरीही काढायला सांगितली. मग स्लॅब असा मोकळा झाला की मी कितीतरी वेळ बघत बसलो. पुढच्या सळया काढून भागलं असतं. मागच्यांची सावली पॅनलकडे येत नव्हतीच, ती उत्तरेला पडत होती. मी सगळ्याच काढल्या होत्या.

आकाशावर थोडं काम केलं. यंत्राचं निरभ्र आकाश गडद निळं होतं, थंड हवेच्या ठिकाणासारखं. आपलं मार्चमधलं आकाश तसं नसतं. मी लिहिलं, ढग नको, वर निळं पण कडेला धुळीने पांढुरकं, ऊन माथ्यावरचं. ते आल्यावर चित्र पटलं. बायकोला दाखवलं. तिने मोबाइल जवळ धरला, लांब धरला.

"आपलंच हाय की," ती म्हणाली. "मग मी दोरी कशाला बांधू, टाकीला?"

मी म्हटलं, अगं चित्र आहे. ती हसली आणि पोळ्या लाटायला गेली.

सोलरवाला चित्रावर खूष झाला. इतका की म्हणाला, काका, आता खऱ्याखुऱ्या याच घरावर सँपल बसवू, लोकांना आणून दाखवता येईल, तुम्हालाही सवलतीत पडेल. दुसऱ्याच दिवशी तो आमच्या स्लॅबवर आला. मोबाइलमधलं होकायंत्र काढून दक्षिण धरली, टेप लावली, पावलं टाकली. सळयांपाशी थांबला. मी घाईने म्हटलं, या कापाव्या लागतील ना, सावलीमुळे.

"कशाला," तो म्हणाला. "चित्रात आपण पाय बुटके घेतलेत. इथं उंच घेऊ. पुढची कडच माणसाच्या डोक्यावर नेऊ, मागची तिच्यावर दोनेक हात. कल तोच. सळया खालीच राहत्यात, सावली कुठून पडायली. वहिनींना खाली वाळवणबी घालता येतंय. अन् उद्या वरचा मजला करायचा झाला तर नट खोलायचे, सगळं उचलून त्याच्यावर बसवायचं."

इतकं साधं होतं ते. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, नको, कापूनच टाकू, वर काही बांधायचं नाही.

त्याने माझ्याकडे बघितलं. घराला भाऊबंद कुणी आहेत का, म्हणून विचारलं. पुढे कटकट नको, कागदपत्रं करावी लागतात.

"न्हाई," मी म्हणालो. "मी एकटाच."

खाली स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. बायकोने ऐकलं असेल असं वाटून मी जिन्यातून खाली डोकावलो, पण ते नुसतं भांडं होतं. सोलरवाला टेप गुंडाळत म्हणाला, पॅनल पंचवीस वर्षं चालतात, काळजीच नाही. तो विजेचं बोलत होता. माझ्या डोक्यात मात्र एवढंच आलं की पंचवीस वर्षं वर कुणी येणार नाही, आणि मला कुणाला काही बोलावंही लागणार नाही. सळया कापणाऱ्या वेल्डरला पाडव्यानंतर यायला सांगितलं.

फ्लेक्स लागले. खाली बारीक अक्षरांत मी 'प्रातिनिधिक चित्र' असं टाकलं होतं.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी बायकोचा दुकानात फोन आला. भाऊजी आलेत, म्हणाली, घरात आलेच नाहीत, गाडी लावली आणि सरळ जिन्याने वर गेलेत. मी शटर अर्धं ओढून निघालो.

तो कठड्यावर बसला होता. डोक्याला रुमाल, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. एक हात सळईवर होता, जसा एखाद्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मला बघून हसला.

"दादा, मानवतला स्टँडच्या कोपऱ्यावर आपलं घर टांगलंय."

मी विचारलं, ओळखलंस कसं. त्याने कठड्याची फुटकी जाळी दाखवली. ती त्यानेच चेंडूने फोडली होती, आणि मार मी खाल्ला होता.

"त्याच्यात सळया न्हाईत," तो म्हणाला. "म्हनलं, कापल्या का काय. ताट तसंच ठिवून निघालो."

"जाहिरात हाय रे. प्रातिनिधिक चित्र म्हणून लिहिलंय खाली."

"ते वाचलं की. तरी निघालो." तो स्वतःवरच हसला. "रस्त्यानं म्हनलं, दादा इचारल्याबिगर कापायचा न्हाई. पर गाडी काय थांबना."

तेव्हाच सांगायचं होतं. वेल्डर यायला चार दिवस नव्हते. मी म्हटलं, ऊन लागेल, खाली चल, जेव. तो उठला, पण खाली यायच्या आधी सगळ्या सळयांपाशी फिरला. कुठल्या बाटलीला चीर गेली होती ती काढून बघितली. यंदा लवकर येतो म्हणाला, लेप द्यायला. जेवताना बायकोशी त्याने बरीच चेष्टा केली, चित्रात वहिनीची साडीसुद्धा दादाने ठेवली नाही म्हणून. जाताना ताक पिऊन, मोकळा होऊन गेला. त्याचं ते मोकळं होणं मला सहन होईना.

त्यानंतरचे दिवस मी एका जागी बसू शकलो नाही. एका लग्नाचा फ्लेक्स उलट्या मापाने छापला, आडवा हवा तिथे उभा. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर दुसऱ्याच पोराचा फोटो गेला. गिऱ्हाईक बोललं, मी ऐकून घेतलं, बरंच वाटलं कुणीतरी बोलतंय म्हणून. दुकानात असलो की घरी जावंसं वाटे, घरी गेलो की जिन्याकडे पाठ करून बसे. एकदा उगाच गाडी काढून मानवतला गेलो, स्टँडच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. फ्लेक्सखाली दोघं-तिघं एसटीची वाट बघत होते. एकजण दुसऱ्याला सांगत होता, असं पायजे घर, एकदम साफ. मी भावाकडे न जाताच परत आलो.

बायकोला ते कळलं. "चित्रातल्या सळया उगवल्या का बघायला गेलते का?" तिने विचारलं. तिला वेल्डरचं माहीत नव्हतं. तरी काहीतरी वास आला असावा.

वेल्डरचा फोन आला, उद्या येऊ का. मी म्हटलं, परवा. परवा परत फोन आला, मी म्हटलं, जरा थांब. तो वैतागून म्हणाला, काका, कापायच्या हाईत का न्हाई ते एकदा सांगा. फोन ठेवला आणि मी तसाच, दुकान उघडं, कामावरच्या पोराच्या भरवशावर टाकून, मानवतला निघालो. या वेळी कोपऱ्यावर थांबलो नाही.

जिनिंगचा हंगाम संपला होता. मोठ्या शेडमध्ये यंत्रं उघडून ठेवलेली, जमिनीवर सरकीचा आणि ग्रीसचा वास. भाऊ एका यंत्राखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते. मी हाक मारली. तो सरकत बाहेर आला आणि पहिलं त्याने विचारलं, वहिनी बरी हाय ना.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. क्रमाने सांगितलं, कारण मधे थांबलो असतो तर उरलेलं राहिलं असतं. ती ओळ मी लिहिली. सावलीचं निमित्त होतं, पण सळया न कापताही पॅनल बसतात हे सोलरवाल्याने मला सांगितलंय. तरी मी वेल्डर ठरवला. आणि भाऊ आहे का विचारलं तेव्हा नाही म्हणालो.

तो हात पुसत होता. चिंधीने एक एक बोट. शेवटच्या गोष्टीला बोट मधेच थांबलं, मग पुन्हा पुसायला लागला.

"का?" त्याने विचारलं.

याचं उत्तर मी वाटेत बनवलं होतं. माझा पोरगा पुण्याला असतो, तो परत आला तर, वगैरे. ते तोंडात आलं नाही.

"माझ्या डोक्यावर कुणाचे पाय वाजायला नको होते," मी म्हणालो. "दुसरं काही न्हाई."

शेडमध्ये पत्र्यावर कबुतरं चालत होती.

"मग तसं बोलायचं होतंस," तो म्हणाला. "भांडलो असतो. भांडायला काय." चिंधी त्याने यंत्रावर टाकली. "बांधणं माझ्यानं कवा व्हईल, मलाबी ठाव न्हाई. पर लेकरांना मी वर नेऊन दाखवलंय, दादा. विटाच्या तुकड्यानं रेघा मारून. इथं चूल, इथं तुमची अभ्यासाची जागा. पोरगी तर तिथं बसून बी आली."

त्या रेघा मी बघितल्या होत्या. पोरांनी खेळायला मारल्या असतील असं समजून बायकोने धुऊन काढल्या होत्या, आणि मी बोललो नव्हतो, कारण मला वाटलंच होतं त्या कशाच्या आहेत.

मी म्हटलं, वेल्डरला नाही सांगतो. तो म्हणाला, सांग. चहा घेणार का, असं विचारलं, पण तसं कुणालाही विचारतात. मी नको म्हटलं. तो परत यंत्राखाली गेला.

वेल्डरला मी तिथूनच, शेडच्या दारातून फोन केला. सेलूला येऊन सोलरवाल्याला खरं सांगितलं. तो चपापला, मग चिडला. म्हणाला, काका, उद्या तुमच्या भावाने माझं स्ट्रक्चर उचकटून फेकलं असतं तर नाव कुणाचं गेलं असतं. बरोबरच होतं. आता दोघांची संमती आल्याशिवाय तो त्या स्लॅबवर एक नट लावणार नव्हता. मी म्हटलं, लावू नकोस. आणि फ्लेक्स माझ्या खर्चाने बदलू दे.

त्याला ते पटेना. सळया दाखवल्या की घर अर्धवट दिसतं, जाहिरातीत अर्धवट घर कोण बघतं. मी त्याला दुकानाच्या गच्चीवर नेलं आणि चारी बाजूंना नुसतं बघायला लावलं. घरं, टाक्या, डिश, आणि जिकडेतिकडे सळया. त्याने गच्चीला एक फेरी मारली. खाली आल्यावर म्हणाला, तसं बघितलं तर निम्मे लोक मला तेच विचारतात, वर बांधायचं हाय, मग सोलर बसतं का. करून बघा मग.

प्रॉम्प्ट मी नव्याने लिहिला. तो असा होता. 'नमुना फोटोतलाच सपाट स्लॅब. कठडा, जाळी आणि काळी टाकी आहे तशी. कॉलमच्या सगळ्या सळया जागच्या जागी, सरळ, कमरेएवढ्या, टोकांवर उलट्या बाटल्या. पॅनल उंच लोखंडी पायांवर, तोंड दक्षिणेला, पुढची कड उभ्या माणसाच्या डोक्यावर, मागची तिच्याहून दोन हात उंच. सळया पॅनलच्या खाली राहाव्यात, पॅनलवर कशाचीही सावली नको. ऊन माथ्यावरचं, सावल्या आखूड आणि एकाच दिशेला. आकाश निरभ्र, कडेला पांढुरकं.'

पहिल्या चित्रात सळया गवतासारख्या वाकलेल्या आल्या. दुसऱ्यात एक सळई पॅनल फोडून वर आली होती. मी ओळी सुधारत राहिलो, आणि कितव्या तरी वेळी ते बरोबर आलं. पॅनलच्या सावलीत सळया शांत उभ्या. मग मी एक ओळ जोडली, दोन सळयांना बांधलेली दोरी, दोरीवर साडी. सोलरवाल्याने साडीबद्दल विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

मानवतचा फ्लेक्स बदलायला मी माणसांबरोबर स्वतः गेलो. जुना खाली उतरवून गुंडाळला. भाऊ त्या कोपऱ्यावरून रोज जातो. त्याने नवा बघितला का, मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

मृग जवळ आला. आभाळ दुपारनंतर भरायचं आणि तसंच जायचं. यंदा भाऊ आला नाही. बायको दोनदा म्हणाली, भाऊजींना फोन करा. मी बाजारातून सिमेंटची छोटी थैली आणली, घमेलं आणि जुना ब्रश घेऊन वर गेलो. पाणी ओतलं, ढवळलं, पहिल्या सळईला लावलं. सगळं घसरून खाली स्लॅबवर आलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. आयुष्यभर ब्रश धरला, पण या सळयांना मी कधी हात लावलेला नव्हता.

मग फोन केला. त्याने उचलला. मी सांगितलं, लेप धरेना.

"पानी लय झालं," तो म्हणाला. "सिमेंट घाल अजून. पिठल्यागत पायजे. अन् बुडापासून वर लाव."

मी मोबाइल आवाज मोठा करून कठड्यावर ठेवला आणि सिमेंट घातलं. बुडापासून वर लावलं. धरलं. त्याने फोन बंद केला नव्हता, पलीकडे यंत्राचा घरघराट ऐकू येत होता.

"सोलर बसवलं का?" त्याने विचारलं.

"तू आल्याबिगर न्हाई बसवायचं."

"मी यील असं कुठं म्हनलो."

मी दुसऱ्या सळईकडे वळलो. तिसऱ्या. जिन्याच्या खोलीजवळ पोचलो तेव्हा ब्रशचा आवाज ऐकून की काय, त्याचा आवाज आला.

"जिन्याकडची कोपऱ्यातली, ती बुडात गंजलीय. नुसता लेप देऊ नको. आधी तारेच्या ब्रशनं घास, लोखंड दिसंस्तोर."

मी वाकून बघितलं. खरंच गंजली होती, आतल्या बाजूने, जिथे उभ्याने दिसत नाही.

"घासतो," मी म्हटलं, आणि तारेचा ब्रश आणायला खाली गेलो. वर आलो तेव्हा फोन अजून चालू होता.